पिष्टन लक्षणसमूह
ढिगाऱ्याखाली स्नायू दीर्घकाळ दाबले गेल्याने उद्‌भवणारा वृक्कनिपात. सातारा जिल्ह्यातील कोयना भूकंपात (११ डिसेंबर १९६७) पहाटे झोपलेल्यांवर दगडमातीच्या भिंती कोसळल्या. अशा प्रसंगी सुटका झालेला मनुष्य धडधाकट दिसला, तरी धोका टळलेला नसतो. लंडनवरील बाँबहल्ल्यांतील चार रुग्णांवरून बायवॉटर्स व बील यांनी १९४१ मध्ये याचे वर्णन केले : सुटकेनंतर अवयव सुजतो, रक्तदाब उतरतो, मूत्र काळपट होऊन घटते.

दाबामुळे स्नायुकोशिकांचे पटल निकामी होते. दाब हटताच रक्तातील पाणी स्नायूंत शिरते, तर स्नायूंतील पोटॅशियम व मायोग्लोबिन रक्तात उतरतात. पोटॅशियमने हृदय अचानक थांबू शकते. मायोग्लोबिन, विशेषतः शरीरात पाणी कमी असता, वृक्कनलिकांत साकळते. अतिश्रमानेही स्नायू असेच विघटित होतात.

रक्तातील क्रिॲटीन कायनेज हे एंझाइम सु. १२ तासांत वाढू लागते, एक ते तीन दिवसांत कमाल पातळी गाठते व मग उतरते. ते न उतरल्यास किंवा पुन्हा चढल्यास सुजलेल्या स्नायूंवरील दाब तपासावा लागतो. वृक्करक्षणासाठी मात्र त्याच्या अहवालाची वाट पाहणे घातक होय. शक्य तर रुग्ण ढिगाऱ्यात असतानाच शिरेतून लवणद्राव सुरू करतात. प्रौढास प्रारंभी ताशी सु. एक लिटर. पोटॅशियमयुक्त द्राव वर्ज्य. मूत्र येईनासे झाल्यावर हाच द्राव फुप्फुसांत साचू शकतो. तेव्हा तो आवरून अपोहनाचा आश्रय घ्यावा लागतो.