कीटकनाशक विषबाधा : बंद खोलीतील फवारणी

झुरळे-ढेकूण मारायला दारे-खिडक्या लावून बेसुमार औषध फवारले आणि माणूस तिथेच थांबला, तर बाधा किती होईल हे औषधाच्या जातीवर ठरते, वासावर नाही. उग्र वास पुष्कळदा केरोसिनसारख्या द्रावकाचा असतो. घरगुती डब्यांत सहसा पायरेथ्रॉइड असते. त्याने चेहऱ्याला मुंग्या व जळजळ, शिंका, खोकला, मळमळ, चक्कर असा त्रास होतो. दमेकऱ्याला धापही लागते. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट ही औषधे कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. मग घाम, लाळ आणि डोळ्यांतून पाणी वाहते, उलटी-जुलाब होतात, छातीत घरघर होते, स्नायू फडफडतात आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात.

औषधाचे नाव सांगायची गरज काय, ‘डॉक्टर लक्षणांवरून ओळखतीलच,’ असा एक आक्षेप असतो. पण सुरुवातीची मळमळ, चक्कर, डोकेदुखी दोन्हींत सारखीच असते, आणि उपचार मात्र वेगळे. ऑर्गॅनोफॉस्फेट-कार्बामेट गटाला अ‍ॅट्रोपिन लागते. पायरेथ्रॉइडवर उतारा नाही, लक्षणांवर उपचार करतात. चीनमधील ५७३ पायरेथ्रॉइड-रुग्णांच्या १९८९च्या आढाव्यात, ऑर्गॅनोफॉस्फेट समजून दिलेल्या अ‍ॅट्रोपिननेच मृत्यू ओढवल्याची नोंद आहे. ‘घरगुती औषध सौम्यच असते’ हा दुसरा आक्षेप दुकानातल्या डब्यापुरता बराचसा खरा आहे. शेतीच्या बाटलीतून किंवा सुटे आणलेल्या औषधाला तो लागू पडत नाही.

प्रथमोपचार : आधी मोकळ्या हवेत. दिव्याचे बटण दाबू नये, डब्यातला वायू पेट घेतो. भिजलेले कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे. डोळे १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावेत. मुद्दाम उलटी करवू नये, दूध-तूप पाजू नये. गुंगी असल्यास कुशीवर झोपवावे. धाप, लाळ, झटके किंवा गुंगी दिसताच १०८.

डॉक्टरांना ‘झुरळांचे औषध मारले’ एवढे सांगणे पुरत नाही. समजा, १० बाय १० फुटांच्या खोलीत रात्री ९ला अर्धा डबा संपवला, माणूस पाऊण तास आत होता, पावणेदहाला चेहरा जळजळू लागला, दहाला एक उलटी झाली : हे याच क्रमाने सांगावे. सोबत दमा, गर्भारपण, चालू गोळ्या आणि अंग धुतले की नाही हेही सांगावे. डबा गुंडाळून न्यावा, नाहीतर लेबलाचा फोटो; त्यावर रासायनिक नाव, टक्केवारी, विषारीपणाचा रंगीत त्रिकोण (लाल सर्वाधिक, मग पिवळा, निळा, हिरवा) आणि उतारा छापलेला असतो. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक डॉक्टरांनाही उपयोगी पडतो.

ऑर्गॅनोफॉस्फेट ठरल्यास बरे वाटल्यावरही १ ते ४ दिवसांत उशीवरून मान उचलता न येणे हे श्वसनाचे स्नायू ढिले पडत असल्याचे चिन्ह मानतात. तेव्हा पुन्हा रुग्णालय गाठावे.