काचपट्टीवरील रक्तगट परीक्षण

काचपट्टीवरील रक्तगट परीक्षण ही तांबड्या रक्तपेशींवर ए, बी आणि डी हे प्रतिजन आहेत किंवा नाहीत, हे ओळखण्याची जलद पद्धत होय. काचपट्टीवर अँटी-ए, अँटी-बी आणि अँटी-डी या द्रवांचा एकेक थेंब ठेवून प्रत्येकात रक्ताचा थेंब वेगळ्या काडीने मिसळतात. पट्टी हलकेच कलती करीत साधारण 2 मिनिटांच्या आत निष्कर्ष पाहतात. प्रतिजन असल्यास पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात. यास समूहन म्हणतात.

== छायाचित्राचे वाचन ==
प्रथम थेंबांखालील खुणा पाहाव्यात. अँटी-ए निळा, अँटी-बी पिवळा व अँटी-डी रंगहीन असतो. परंतु रक्त मिसळल्यावर हा फरक झाकला जातो. समूहन झालेल्या थेंबात स्वच्छ द्रवामध्ये लाल पुंजके दिसतात, तर न झालेला थेंब एकसारखा लाल राहतो. केवळ अँटी-ए थेंबात समूहन असल्यास गट ए, केवळ अँटी-बी थेंबात असल्यास बी, दोन्हींत असल्यास एबी आणि दोन्हींत नसल्यास ओ ठरतो. अँटी-डी थेंबात समूहन असल्यास रक्त आरएच धन असते.

== क्षीण समूहन ==
समजा, एका छायाचित्रात अँटी-ए थेंबात मोठे पुंजके आहेत, अँटी-बी थेंब एकसारखा आहे आणि अँटी-डी थेंबात केवळ बारीक कण दिसतात. येथे गट ए असल्याचे दिसते, पण आरएच प्रकार अनिश्चित राहतो. कण केवळ कडेला असतील, तर थेंब सुकू लागल्याचा तो परिणाम असू शकतो. रक्तातील प्रथिने वाढल्यास पेशी नाण्यांच्या चळतीप्रमाणे रचल्या जातात आणि समूहनाचा भास होतो. सलाईन मिसळल्यावर या चळती सुटतात. प्रतिद्रव्य नसलेल्या नियंत्रण थेंबातही पुंजके झाले, तर संपूर्ण परीक्षण अग्राह्य ठरते.

ही कारणे वगळल्यावर 'क्षीण डी' ची शक्यता उरते. अशा पेशींवर डी प्रतिजन कमी असतो. त्याची खात्री नळीतील अप्रत्यक्ष अँटीग्लोब्युलिन चाचणीने करतात. क्षीण डी सिद्ध झालेल्या रक्तदात्याचे रक्त आरएच धन मानले जाते, कारण ते आरएच ऋण रुग्णाच्या शरीरात प्रतिद्रव्ये निर्माण करू शकते. रुग्णाबाबत मात्र निर्णय होईपर्यंत आरएच ऋण रक्त देणे सुरक्षित असते. अँटी-ए थेंबातील क्षीण समूहन ए गटाच्या उपप्रकारामुळे, नुकत्याच दिलेल्या ओ गटाच्या रक्तामुळे किंवा नवजात अर्भकाच्या पेशींवरील अविकसित प्रतिजनांमुळेही आढळते.

== मर्यादा ==
छायाचित्रात थेंब हलवून पाहता येत नाही आणि मिसळल्यापासून किती वेळ गेला, हेही कळत नाही. शिवाय 1952 मध्ये मुंबईत वर्णन झालेल्या 'बॉम्बे' रक्तगटाचे रक्त काचपट्टीवर ओ गटासारखेच दिसते, परंतु अशा रुग्णास ओ गटाचे रक्त चालत नाही. म्हणून रक्त देण्यापूर्वी पेशींबरोबर रक्तद्रवाचीही तपासणी आणि जुळवणी चाचणी आवश्यक असते.