दहा तुकड्यांचा विखुरलेपणा

साताऱ्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीककापणीच्या नमुना-पाहण्या भारतात रूढ करण्यात मोठा वाटा उचलला. थोड्या तुकड्यांवरून काढलेले प्रचरण (विखुरण्याचे माप, s²) कितपत विश्वासार्ह असते? उत्तर हेल्मर्ट यांनी १८७६ मध्येच सिद्ध केले होते. गॉसेट १९०८ मध्ये तेथे अंदाजाने पोहोचले, आणि तो अंदाज अचूक निघाला!

समूह प्रसामान्य असेल, तर (n−1)s²/σ² हे n−1 स्वातंत्र्यमात्रांचे काय-वर्ग वितरण पाळते. सरासरी नमुन्यातूनच काढल्यामुळे एक मात्रा खर्ची पडते.

समजा, मुळशीतील जांबे येथे भाताचे १० तुकडे कापले आणि किलोत मोजलेल्या उत्पन्नाचे खरे प्रचरण ४ आहे. s² ७.५२ च्या वर जाण्याची शक्यता किती? ९ × ७.५२ ÷ ४ = १६.९२; नऊ मात्रांच्या कोष्टकात त्यापलीकडे ५ टक्केच उरतात.

मात्र वितरणाची शेपटी लांब असेल, तर असे मोठे s² अधिक वेळा येतात, आणि नमुना वाढवूनही हा दोष जात नाही.