तळटीप : ‘शेपूट फडफडले’

४. ‘फडफडले’ : वावटळीत टिनपत्रा वाजतो तसे नव्हे, हा फ्लटर. एअर इंडियाने अमरावतीच्या बेलोरा वैमानिक प्रशिक्षण केंद्रासाठी मागवलेल्या विमानांत बहुतेक पायपर आहेत. पायपर आर्चरचे आडवे शेपूट अख्खेच बिजागरीवर फिरते. त्याचा भार बिजागरीच्या मागे झुकलेला असता, तर झोतासरशी विमानाची शेपटाकडची बाजू वर उचलली जाताना मागची कड जडत्वाने खाली रेंगाळली असती. खाली झुकलेली कड शेपटाला आणखी वर ढकलते. परतीच्या हेलकाव्यात हेच उलट. दर हेलकाव्याला वारा शक्ती पुरवतो आणि ठरावीक वेगापुढे काही क्षणांत सांगाडा मोडतो. म्हणून बिजागरीपुढे दांडीवर वजन बसवतात. मागे ३० सेंटीमीटरवर १०० ग्रॅम रंग चढला, तर पुढे १० सेंटीमीटरवर ३०० ग्रॅम हवेत. रंगकामानंतर तोल पुन्हा तपासतात तो यासाठीच. हौसेने दिलेला जाड रंग इथे महागात पडतो. ताठरपणा हा धोक्याचा वेग वर नेतो, तर ढिली बिजागरी किंवा सैल केबल तो खाली आणते. हातातल्या नियंत्रण-दांड्यात बारीक थरथर जाणवताच वैमानिक वेग कमी करतो.
—संपादक