अमेरिकेत आश्रय : मुदत एका वर्षाची

मायदेशी छळ होण्याच्या रास्त भीतीमुळे परतू न शकणाऱ्या व्यक्तीस अमेरिकी कायदा निर्वासित मानतो. मात्र छळामागे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट वा राजकीय मत यांपैकी एखादे कारण असावे लागते. केवळ गरिबी पुरेशी नाही.

१९९६ च्या कायद्यानुसार आश्रयाचा 'आय-५८९' हा अर्ज अमेरिकेत आल्यापासून वर्षभरात करावा लागतो. समजा, सरकारविरोधी लेखनामुळे मारहाण झालेला पत्रकार ५ मार्च २०२४ रोजी तेथे उतरला. त्याचा अर्ज ५ मार्च २०२५ पर्यंत दाखल व्हायला हवा. सोबत प्रकाशित लेख, रुग्णालयाची कागदपत्रे, साक्षीदारांची निवेदने व त्यांची प्रमाणित इंग्रजी भाषांतरे जोडावीत. निवेदनातील आणि कागदपत्रांतील तारखा जुळल्या नाहीत, तर अर्जदाराच्या विश्वासार्हतेवरच प्रश्नचिन्ह लागते. एखादा पुरावा हाती यायचा असेल, तर त्यासाठी अर्ज खोळंबून ठेवू नये. पुरावा नंतर सादर करता येतो.

मुदत हुकल्यास गंभीर आजारपण वा मायदेशातील बदललेली परिस्थिती यांसारखे कारण सिद्ध करावे लागते. अन्यथा प्रामुख्याने हद्दपारी रोखण्याची मागणीच उरते. तीत छळाची शक्यता निम्म्याहून अधिक असल्याचे दाखवावे लागते. ती मान्य झाली, तरी त्यातून कायम वास्तव्याचा मार्ग खुला होत नाही आणि पत्नी-मुलांना संरक्षणही मिळत नाही.