बुचाचे काजळ

नटाने तोंडाला रंग फासला, तर त्यात बिघडले काय? गोऱ्या नटाने काळा रंग लावला की अमेरिकेत एवढा संताप का होतो, असे माझ्या वर्गातल्या मुलांनी मला विचारले, तेव्हा त्यांच्या मनात हेच होते. प्रश्न रास्त आहे. आमच्या बालगंधर्वांनी लुगडे नेसले, तेव्हा महाराष्ट्राने त्यांना डोक्यावरच घेतले ना?

याचे उत्तर इतिहासात आहे. १८३०च्या सुमारास टॉमस राइस या गोऱ्या नटाने तोंड काळे करून 'जिम क्रो' नावाचे सोंग अमेरिकेच्या रंगभूमीवर गाजवले. पुढे अशा सोंगांच्या मंडळ्याच निघाल्या. बाटलीची बुचे जाळून त्यांची पूड पाण्यात कालवायची, ती तोंडाला फासायची आणि ओठ मोठे दिसतील असे लाल किंवा पांढरे रंगवायचे, की सोंग तयार! हा रंगवलेला काळा माणूस नेहमी आळशी, भित्रा, मूर्ख आणि तरीही आनंदी असे. त्या वेळी दक्षिणेत लक्षावधी काळे लोक गुलाम होते. गुलाम असा खिदळताना दिसला म्हणजे पाहणाऱ्याच्या मनाला टोचणी लागत नसे. १८६५ साली गुलामगिरी संपली. पण पुढे काळ्यांना गोऱ्यांपासून दूर ठेवणारे जे कायदे झाले, त्यांना नाव पडले तेच, 'जिम क्रो'.

या सोंगाची खरी मगरमिठी दिसते ती बर्ट विल्यम्सच्या आयुष्यात. हा हाडाचा विनोदी नट स्वतः काळ्या वंशाचा, पण वर्णाने उजळ. त्यालाही बुचाचे काजळ फासूनच रंगमंचावर यावे लागे. प्रेक्षकांना काळा माणूस नको होता, सोंगातला काळा हवा होता! १९०३ साली त्याचे 'इन दाहोमी' हे संगीत नाटक ब्रॉडवेवर आले, त्याच वर्षी इंग्लंडच्या राजवाड्यातही झाले. १९१० साली तो झीगफेल्डच्या गाजलेल्या खेळात गोऱ्या नटांच्या बरोबरीने उभा राहिला. कीर्ती वाढली, पण काजळ सुटले नाही. १९२२ साली तो वारला. पाचच वर्षांनी 'द जॅझ सिंगर' या बोलपटात गोरा अल जोल्सन तेच काजळ लावून गायला.

आता बालगंधर्वांकडे पाहा. स्त्रियांना रंगभूमी बंद होती, हा अन्याय आपल्याकडेही होताच. पण त्यांनी स्त्रीची टवाळी केली नाही. उलट घरंदाज बायका त्यांच्या लुगड्या-दागिन्यांचे अनुकरण करीत. बर्टच्या काळच्या सोंगात मात्र दुहेरी घाव होता. ज्याची नक्कल करायची, त्याला स्वतःच्या रूपात उभे राहू द्यायचे नाही, आणि नक्कल करायची तीही कुचेष्टेची.

हीच गोष्ट आपल्या वाट्यालाही आली आहे. १९६८ सालच्या 'द पार्टी' या चित्रपटात पीटर सेलर्स हा इंग्रज नट तपकिरी रंग लावून बक्षी नावाचा भारतीय झाला. त्याचे इंग्रजी आणि त्याचा वेंधळेपणा यांवर पडदा हसला. पुढे परदेशात वाढलेल्या किती भारतीय मुलांना शाळेत तोच सूर काढून चिडवले गेले असेल! काजळ नटाचे धुतले जाते. ज्याची नक्कल झाली, त्याच्या अंगावरचे ते सहजी निघत नाही.