बाटलीतली चिठ्ठी आणि पंधरा रकाने

अमेरिकेतील रिचमंड शहरात यादवी युद्धाच्या वस्तूंचे एक संग्रहालय आहे. तिथे 1896 सालापासून बोटभर उंचीची एक काचेची बाटली पडून होती. आत दोऱ्याने बांधलेली कागदाची सुरळी आणि बंदुकीची एक गोळी. शत्रूने गाठलेच तर बाटली नदीत फेकायची आणि ती बुडावी, म्हणून ही गोळी. 2008 साली बूच उघडले, तेव्हा चिठ्ठीवर तारीख निघाली 4 जुलै 1863. खाली नुसती इंग्रजी अक्षरे होती, कोणताही शब्द न होणारी.

त्या काळी मिसिसिपी नदीकाठचे व्हिक्सबर्ग शहर उत्तरेच्या ग्रँटने वेढले होते. आत दक्षिणेचा सेनापती पेम्बर्टन अडकला होता. चिठ्ठी त्याच्यासाठी होती. सीआयएचे निवृत्त संकेतज्ञ डेव्हिड गॅडी यांनी काही आठवड्यांत ती वाचली. मी गणिती नाही, पण उत्तर झाकून, चौकटीच्या वहीत ती स्वतः सोडवून पाहिली. त्या प्रयत्नात जे कळले ते इथे मांडतो आहे.

चिठ्ठीची सुरुवात अशी:

```
SEAN WIEUIIUZH DTG CNP LBHXGK OZ BJQB FEQT XZBW
```

रीत जुनीच. एक परवलीचा शब्द घ्यायचा आणि तो मजकुराखाली पुनःपुन्हा लिहीत जायचा. परवलीचे अक्षर A असेल तर वरचे अक्षर तसेच ठेवायचे, B असेल तर एक घर पुढे सरकवायचे, M असेल तर बारा घरे. त्यामुळे एकच e कुठे Y होतो, कुठे V. सगळ्या मजकुरातली अक्षरे एकत्र मोजून काही हाती लागत नाही.

पण परवलीची लांबी कळली, तर चित्र पालटते. दक्षिणेने युद्धभर मोजक्याच परवली वापरल्या. त्यांतल्या तीन आज सर्वश्रुत आहेत, आणि गंमत अशी की तिन्ही पंधरा अक्षरांच्या आहेत. चिठ्ठीतही त्याला दुजोरा मिळतो. आरंभीची SEA ही तीन अक्षरे शेवटी पुन्हा येतात, बरोबर 210 अक्षरांनंतर, आणि 210 ला पंधराने भाग जातो. पुनरावृत्तीतले अंतर मोजून लांबी काढण्याची ही युक्ती प्रशियाचा लष्करी अधिकारी कासिस्की याने बर्लिनमध्ये छापली, तीही त्याच 1863 सालात. एवढ्याशा पुरावा एकटा पुरेसा नाही, कारण 210 ला सहा, सात, दहा यांनीही भाग जातो. पण इशारा हाताशी असताना तो पुरतो.

म्हणून 221 अक्षरे पंधरा-पंधराच्या ओळींत लिहिली. चौदा ओळी पूर्ण भरल्या, शेवटची अकरा अक्षरांची राहिली. आता वहीचे पान उभे वाचायचे. एका रकान्यातली सगळी अक्षरे परवलीच्या एकाच अक्षराने, म्हणजे सारखीच घरे सरकलेली असतात. एका अवघड कोड्याची पंधरा सोपी कोडी होतात. दहावा रकाना असा निघाला:

```
IKJVEVYVICVVJTF
```

यात V पाच वेळा आहे. इंग्रजीत सर्वाधिक येणारे अक्षर e, म्हणून V म्हणजे e धरले. सरक सतरा घरांची, परवलीचे अक्षर R. बाकीची अक्षरे तितकीच मागे नेली तर r, t, s, n, h, l, c, o अशी नेहमीची अक्षरे मिळतात. तेराव्या रकान्यात Y चार वेळा आहे, त्यावरून U मिळाला. मला वाटले, तासाभरात काम संपेल.

मग पहिला रकाना घेतला:

```
SGBFVAMBEEHDAAS
```

इथे A तीन वेळा येतो. तो e मानला तर परवलीचे अक्षर W, आणि रकाना उलगडतो w, k, f, j, z, e, q… असा. पंधरा अक्षरांत j, z आणि q तिन्ही असणे इंग्रजीत फारच विरळा. रकाना चुकल्याची खूण हीच. कारणही साधे आहे. इंग्रजीत शंभर अक्षरांत e साधारण बारा-तेरा वेळा येतो, म्हणजे पंधरा अक्षरांत दोनदा. एवढ्या लहान नमुन्यात o किंवा n सहज पुढे जातो. पहिल्या रकान्यात तर e एकदाही नव्हता, हे नंतर कळले. मोजणीवर विसंबलो असतो तर बहुतेक रकाने चुकले असते.

वाट दाखवली ती लिहिणाऱ्याच्या सवयीने. त्याने शब्दांमधली अंतरे तशीच ठेवली होती. अकराव्या रकान्यात दोन अक्षरे एकटी उभी आहेत, एक B आणि एक J. इंग्रजीत एकाक्षरी शब्द a आणि I हे दोनच. B हा a असेल तर परवलीचे अक्षर B, I असेल तर T. J हा a असेल तर J, I असेल तर B. दोघांना मान्य होणारे एकच, B. इथे मोजणीची गरजच नाही.

आता दहावे R, अकरावे B. सातव्या ओळीत नऊ ते अकरा रकान्यांत XYF हा शब्द आहे. शेवटची दोन अक्षरे उलगडून he मिळतात, तेव्हा शब्द the. त्यावरून नववे अक्षर E. आठव्या ओळीत आठ ते दहा रकान्यांत MLV आहे, तोही त्याच रीतीने the ठरला. आठवे T. सहाव्या रकान्यात M दोनदा एकटा आहे, म्हणजे परवलीचे अक्षर E किंवा M. M धरल्यास सबंध रकान्यात एकही e वा t येत नाही, म्हणून E. त्याच आठव्या ओळीत सहाव्या-सातव्या रकान्यांत SF आहे. S चा o झाला, तेव्हा शब्द on, of किंवा or. त्यावरून सातवे अक्षर S, A किंवा O.

वहीत सहापासून दहापर्यंत E, S, T, E, R असे जुळले. आधी पाच जागा रिकाम्या. दहा अक्षरांचे, ester ने संपणारे नाव मँचेस्टर. ते भरले आणि पहिल्या ओळीत genl pembert एवढे लख्ख दिसले. त्यापुढचे o आणि n कुणीही भरील, त्यावरून बारावे L. नंतरचा DTG हा u ने संपतो, म्हणजे you. त्यातून दोन F मिळाले. परवली पूर्ण झाली: MANCHESTER BLUFF.

मजकूर थोडक्यात असा. नदीच्या या बाजूकडून मदतीची आशा ठेवू नये. शत्रूच्या फळीवर केव्हा हल्ला करता येईल ते कळवावे, म्हणजे इकडून लक्ष विचलित करण्याचा प्रयत्न करू. बंदुकीच्या काही टोप्या पाठवल्या आहेत.

चिठ्ठी पोचलीच नाही. सत्तेचाळीस दिवसांच्या वेढ्यानंतर पेम्बर्टनने शरणागती पत्करली, ती त्याच 4 जुलैला. पोचली असती तरी मदत येणार नव्हतीच. पण शब्दांमधल्या मोकळ्या जागा तशाच ठेवून पाठवलेली ही चिठ्ठी शत्रूच्या हाती लागली असती, तर नदीपलीकडून कुमक येणार नाही ही गोष्ट ग्रँटला आयती कळली असती. अंतरे काढून अक्षरे सलग लिहिली असती, तर 221 अक्षरांवर माझ्यासारख्याची वही तरी अपुरीच राहिली असती.